अकरा पानांचा तिमाही विक्री अहवाल एका पानावर आणायचाय. काय ठेवू, काय काढू?

अंबडची_अनघा

नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीतल्या एका ठिबक सिंचनाचा माल बनवणाऱ्या कंपनीत एमआयएस बघते. दर तिमाहीला पाच एरिया मॅनेजर आपापला वृत्तांत लिहून पाठवतात, विक्रीप्रमुख ते सगळं एकाखाली एक चिकटवतात आणि अकरा पानांची वर्ड फाइल तयार होते. नमुना बघा: "दिंडोरी पट्ट्यात पावसाने उसंत न दिल्याने डीलर बांधवांमध्ये काहीसे निरुत्साहाचे वातावरण होते, तथापि महिनाअखेरीस उत्साहवर्धक चित्र दिसून आले." अशी अकरा पानं.

या वेळी शेठ म्हणाले, "अनघाताई, मला एक पान द्या. वरती चार आकडे, खाली चार ओळी. बाकीचं कपाटात ठेवा." शनिवारी मीटिंग आहे.

मी पहिला कच्चा खर्डा केला. वरती मोठ्या अक्षरात "विक्रीत २५ टक्के घट" असं आलं, कारण एप्रिल-जूनमध्ये ९.१० कोटी होते आणि जुलै-सप्टेंबरमध्ये ६.८४ झाले. शेठनी ते वाचून थेट विक्रीप्रमुखांना फोन लावला. विक्रीप्रमुख माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीयेत.

हाताशी असलेले आकडे: या तिमाहीची विक्री ६.८४ कोटी, मागच्या वर्षी याच तिमाहीत ७.६०, टार्गेट ८.००, वसुली ६.९५. जिल्हावार, प्रॉडक्टवार, डीलरवार सगळं आहे. प्रश्न असा की यातलं पानावर काय जावं आणि कॉमेंट्री किती नि कशी लिहावी?

---

पंचवटीकर

डॅशबोर्ड म्हटल्यावर मला आधी गाडीचा वाटला. द्वारकेच्या सिग्नलला अर्धा तास त्याच्याकडेच बघत बसतो रोज.

---

टेक_तात्या

एक्सेलमध्ये कशाला अडकताय? पॉवर बीआय घ्या. टॅलीला जोडलं की आपोआप अपडेट होतं, शेठ मोबाइलवर बघतील, क्लिक करून जिल्हा बदलतील. मी आमच्या कंपनीत तीन गेज लावलेत, विक्री, वसुली आणि टार्गेट. काटा हिरव्यात की लालात ते एका नजरेत कळतं. एक पान वगैरे आता जुनं झालं.

---

अंबडची_अनघा

@टेक_तात्या, शेठ मोबाइलवर फक्त भाव आणि हवामान बघतात. त्यांना कागद लागतो, त्यावर ते पेनाने गोल करतात. प्रश्न कुठलं सॉफ्टवेअर हा नाहीये, कागदावर काय लिहायचं हा आहे.

---

निवृत्त_हिशोबनीस

अनघाताई, पस्तीस वर्षं सातपूरला हिशोब खात्यात काढली, म्हणून चार शब्द.

तुमचा २५ टक्क्यांचा आकडा गणिताने बरोबर आणि अर्थाने चुकीचा आहे. एप्रिल-मे म्हणजे तुमच्या धंद्याचा हंगाम. उन्हाळ्यात विहीर आटते तेव्हा शेतकऱ्याला ठिबक आठवतं. जुलै-सप्टेंबर पावसाचे. हंगामाची तुलना पावसाळ्याशी केलीत तर दरवर्षी घटच दिसणार, धंदा वाढला तरीसुद्धा. तुलना मागच्या वर्षीच्या याच तिमाहीशी करा. ७.६० चे ६.८४ म्हणजे ७६ लाख कमी, बरोबर १० टक्के. मथळ्याचा आकडा हा. एप्रिल-जूनचा आकडा पानावर नकोच, तो दिसला की कोणीतरी वजाबाकी करतोच.

दुसरं, कॉमेंट्री लिहायला बसण्याआधी मला सांगा की हे ७६ लाख *कुठे* गेले. तुम्ही म्हणता जिल्हावार आहे, डीलरवार आहे. महिनावार आहे का? ते आधी टाका इथे. अहवाल जिल्ह्यांच्या हिशेबाने लिहिलाय, कारण माणसं जिल्ह्यांना नेमलेली आहेत. घट जिल्ह्यात असेलच असं नाही.

---

रंगीत_पेन्सिल

मी तर म्हणेन टार्गेटच्या वर काय गेलं ते आधी दाखवा, वाईट बातमी शेवटी. माणसाचा मूड असतो. आणि प्रॉडक्टवार पाय चार्ट छान दिसतो, पानाला रंग येतो.

---

अंबडची_अनघा

@निवृत्त_हिशोबनीस, काढलं. कोटीत देते.

जुलै: मागच्या वर्षी २.४५, या वर्षी २.७०
ऑगस्ट: मागच्या वर्षी २.५५, या वर्षी २.४६
सप्टेंबर: मागच्या वर्षी २.६०, या वर्षी १.६८

बघून मलाच धक्का बसला. जुलैत आपण २५ लाखांनी पुढे होतो! ऑगस्टला ९ लाखांनी मागे आणि सप्टेंबरला एकदम ९२ लाखांनी. पाचही जिल्ह्यांत घट थोडी थोडी आहे, त्यामुळे अकरा पानांत प्रत्येकाने आपापली "निरुत्साहाची" गोष्ट लिहिली. महिन्याने बघितल्यावर गोष्ट एकच निघाली. दर वर्षभर बदलले नाहीत, म्हणजे मीटरमध्ये बघितलं तरी हेच चित्र.

---

निवृत्त_हिशोबनीस

झालं की मग. पानावरचं पहिलं वाक्य मिळालं तुम्हाला: "तिमाही विक्री मागच्या वर्षीपेक्षा ७६ लाखांनी कमी, जुलैत पुढे होतो, सगळी घट सप्टेंबरची."

पाय चार्ट काढून त्या जागी महिन्यांचे तीन जोड-खांब ठेवा, मागचं वर्ष आणि हे वर्ष शेजारी शेजारी. पाय चार्टने प्रॉडक्टचा वाटा कळेल, पण तुमच्या तिमाहीत वाटा बदललाच नाही, तर तो चार्ट काय सांगणार? तात्यांच्या गेजचंही तेच. पाव पान खाऊन तो एकच आकडा सांगतो, ८६ टक्के. तो नुसता लिहिला तर एक ओळ लागते.

---

टेक_तात्या

गेजवर सगळेच तुटून पडतात. आमच्या साहेबांना आवडतो हो.

---

सिडको_सेल्सवाला

सप्टेंबरमध्ये का पडलं हे सांगायला ज्योतिषी नको. जीएसटी! १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून दर कमी होणार म्हणून सांगितलं, ३ सप्टेंबरला कौन्सिलने मंजूर केलं, २२ सप्टेंबरपासून लागू. ठिबक १२ चं ५ टक्के. कुठला डीलर मधल्या महिन्यात माल भरेल? शेतकरी दुकानात येऊन म्हणायचा, "बावीस तारखेनंतर येतो." मी ट्रॅक्टरच्या लाइनीत आहे, आमच्याकडे तर शोरूममध्ये माशा मारत होतो. तेही १२ चं ५ झालं.

कॉमेंट्रीत लिहा, "जीएसटी बदलामुळे तात्पुरती घट", विषय संपला.

---

निफाडचा_दुकानदार

सिडकोकर, इतकं सोपं नाही. माझं पिंपळगाव रस्त्याला दुकान आहे, ठिबक-पाइप-खतं विकतो. मी स्वतः सप्टेंबरमध्ये माल कमी उचलला, पण जीएसटीसाठी नाही. बागेत पाणी साचलेलं, छाटणी पुढे ढकललेली, टोमॅटो सडलेला. शेतकरी दुकानात आलाच नाही, ना १२ ला ना ५ ला. आणि मी १२ भरून घेतलेल्या मालाचं क्रेडिट मला मिळतंच की, ते बुडत नाही. फार तर लेजरला पडून राहतं.

बाकी कंपन्यांच्या मीटिंगमध्ये आम्हा डीलर लोकांचा "निरुत्साह" लिहिला जातो हे आज कळलं. धन्यवाद.

---

पंचवटीकर

@निफाडचा_दुकानदार 😂 डीलर बांधवांनी मनावर घेऊ नये.

---

अंबडची_अनघा

आता मी अडकले. दोघांचंही पटतंय. कॉमेंट्रीला मला तीनच ओळी आहेत. जीएसटी लिहू की पाऊस?

---

कडकलक्ष्मी_सीए

तुम्ही दोन्ही लिहाल आणि शेठ म्हणतील, "म्हणजे नक्की काय?" कारण लिहिण्याआधी ते आकड्यात दिसतंय का ते बघा. जीएसटीने लोक थांबले असतील तर २१ सप्टेंबरपर्यंत विक्री ठप्प आणि २२ पासून उसळी दिसली पाहिजे. पावसाने थांबले असतील तर २२ ही तारीख आकड्यांना माहीतच नसेल. सप्टेंबरचे दोन तुकडे करा.

दुसरं. ३० सप्टेंबरला हातात असलेल्या पण डिस्पॅच न झालेल्या ऑर्डर किती? मागच्या वर्षी त्याच तारखेला किती होत्या? मागणी पुढे सरकली असेल तर ती तिथे साचलेली दिसेल. मागणीच मेली असेल तर दिसणार नाही.

आणि तिसरं, हे मात्र मला खटकतंय: तुमची विक्री ६.८४ ही टॅक्सेबल व्हॅल्यू आहे की बिलाची बेरीज? आणि वसुली ६.९५ कुठून घेतली?

---

अंबडची_अनघा

@कडकलक्ष्मी_सीए

१ ते २१ सप्टेंबर: ६२ लाख. २२ ते ३०: १.०६ कोटी. म्हणजे नऊ दिवसांत एकवीस दिवसांपेक्षा जास्त!
पेंडिंग ऑर्डर ३० सप्टेंबरला ४१ लाख. मागच्या वर्षी त्याच दिवशी १२ लाख.

विक्री सेल्स रजिस्टरमधून, टॅक्स सोडून, परत आलेला माल वजा करून. वसुली बँकेच्या शीटमधून. पानावर मी "वसुली १०२ टक्के" लिहिलंय, हिरव्या रंगात. तेवढंच एक चांगलं होतं. 😬

---

कडकलक्ष्मी_सीए

तोच हिरवा आकडा चुकीचा आहे.

डीलर पैसे देतो ते टॅक्ससकट. बँकेत आलेले ६.९५ कोटी टॅक्ससह आहेत आणि तुम्ही त्यांना टॅक्सशिवायच्या ६.८४ ने भागलंत. वरती एक चीज, खाली दुसरी. विक्रीपण टॅक्ससह करून बघू. जुलै-ऑगस्टचे ५.१६ कोटी १२ टक्क्यांनी, सप्टेंबरचे पहिले ६२ लाख १२ टक्क्यांनी आणि शेवटचे १.०६ कोटी ५ टक्क्यांनी. बेरीज येते साधारण ७.५९ कोटी. ६.९५ ला ७.५९ ने भागा. ९२ टक्के.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, येणीचं खातं उघडा. १०२ टक्के खरं असतं तर १ जुलैपेक्षा ३० सप्टेंबरला डीलरांकडची येणी कमी झालेली दिसली असती. काय दिसतंय?

---

अंबडची_अनघा

१ जुलैला ५.२० कोटी होती. ३० सप्टेंबरला ५.८४.

वाढली आहे. ६४ लाखांनी.

आणि ५.२० अधिक ७.५९ वजा ६.९५ म्हणजे ५.८४च येतात. देवा. हे असं गेल्या सहा तिमाहींपासून चालू असेल, कारण शीट मला आधीच्या मुलाकडून मिळाली, तीच मी पुढे चालवली.

---

निवृत्त_हिशोबनीस

ताई, घाबरू नका, हे घरोघरी असतं. पण आता पानावर "टक्के" न लिहिता "येणी ५.८४ कोटी, तिमाहीत ६४ लाखांनी वाढ" असं लिहा. वसुलीच्या टक्केवारीत एक मूळचाच घोळ आहे. या तिमाहीत आलेले पैसे काही अंशी मागच्या बिलांचे असतात, मग टक्केवारी कशाची? येणी ही मात्र त्या दिवशीची खरी शिल्लक असते.

जुन्या सहा तिमाहींचं शेठना आत्ताच सांगा. मीटिंगमध्ये दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको.

---

निफाडचा_दुकानदार

येणी वाढली म्हणून लगेच आमच्यावर वसुलीची माणसं सोडू नका म्हणजे झालं. आमचे पैसे द्राक्षं निघाल्यावर येतात, फेब्रुवारी-मार्चला. हे पण लिहा कॉमेंट्रीत.

---

गंगापूर_रोड_गृहिणी

धागा चुकून उघडला पण सोडवेना. माझ्या भिशीचा हिशोब मी वहीत एका पानावर ठेवते, वरती शिल्लक, खाली कोणाची राहिली. अकरा पानं लिहिणाऱ्याला शिल्लक माहीत नसते असं माझं मत झालंय.

---

सिडको_सेल्सवाला

२१ दिवसांत ६२ आणि ९ दिवसांत १०६. आता तरी म्हणा जीएसटी. निफाडकर?

---

निफाडचा_दुकानदार

मी माझ्या दुकानाचं सांगितलं. आणि त्या नऊ दिवसांत कंपनीने *मला* विकलं, मी शेतकऱ्याला विकलं असं नाही. महिनाअखेरीला एरिया मॅनेजर फोन करतो, "अण्णा, एक गाडी घ्या, टार्गेट राहिलंय, पैसे नंतर द्या." माझ्या गोडाऊनला आजही दोन बंडल लॅटरल त्या गाडीतले पडून आहेत. ते तुमच्या १.०६ कोटीत आहेत बरं का. आणि तुमच्या ६४ लाखांच्या येणीतही तेच असतील.

---

कडकलक्ष्मी_सीए

हा मुद्दा बिनतोड आहे. अनघाताई, मागच्या वर्षीच्या सप्टेंबरचेही असेच दोन तुकडे करून बघा. महिनाअखेरीला गाडी ढकलायची सवय दरवर्षीचीच असेल तर मागच्या वर्षीही शेवटचे नऊ दिवस फुगलेले दिसतील, आणि मग या वर्षीची उसळी तेवढी मोठी राहत नाही.

---

अंबडची_अनघा

मागच्या वर्षी १ ते २१: १.५५ कोटी. २२ ते ३०: १.०५ कोटी.

म्हणजे शेवटचे नऊ दिवस दोन्ही वर्षी जवळपास सारखे. उसळी नाहीच, ते नेहमीचंच आहे! पहिले २१ दिवस मात्र १.५५ चे ६२ लाख. ९२ लाखांपेक्षा किंचित जास्तच घट त्या २१ दिवसांत.

---

सिडको_सेल्सवाला

म्हणजे २२ ला घट थांबली. जीएसटीच.

---

निफाडचा_दुकानदार

म्हणजे २२ नंतर पहिले थांबलेलेही परत आले नाहीत, नुसतं नेहमीसारखं झालं. थांबलेले आले असते तर मागच्या वर्षीपेक्षा *जास्त* झालं असतं.

---

कडकलक्ष्मी_सीए

निफाडकर अर्धे बरोबर. थांबलेले बिलात आले नाहीत, पण ऑर्डरीत काही आलेत. पेंडिंग १२ ऐवजी ४१, म्हणजे २९ लाख जास्तीचे. ७६ लाखांतल्या २९ चा माग लागतो, ४७ चा लागत नाही. पानावर एवढंच लिहिता येतं. त्यापुढे "तात्पुरती घट" लिहिलंत तर तो अंदाज झाला, आणि जानेवारीत तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागेल.

@अनघा, एवढंही बघा की ४१ लाखांच्या ऑर्डर खरंच कागदावर आहेत की फोनवर "पाठवा बघू" म्हटलेलं कोणीतरी शीटमध्ये चढवलंय.

---

रंगीत_पेन्सिल

अवांतर: लाल-हिरव्याचं काय ठरलं?

---

निवृत्त_हिशोबनीस

@रंगीत_पेन्सिल, ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर लाल नि हिरवा दोन्ही सारखेच राखाडी येतात. आमच्या साहेबांनी एकदा घटलेल्या आकड्यावर शाबासकी दिली होती. आकड्याआधी ▲ किंवा ▼ काढा, रंग असो नसो कळतं.

---

एक्सेल_एकनाथ

उशिरा आलो, पण दोन कामाच्या गोष्टी. एक, एक्सेलमध्ये नंबर फॉरमॅटने हजार आणि दशलक्षात दाखवता येतं, लाख-कोटीत नाही, कारण तिथला स्वल्पविराम दर वेळी हजारानेच भागतो. म्हणून कोटीसाठी सरळ भागाकार करा. आणि वरचं वाक्य हाताने टाइप करू नका. आकडा सुधारला की वाक्य जुनंच राहतं आणि एकाच पानावर दोन विक्र्या दिसतात. असं जोडा:

```
="तिमाही विक्री "&TEXT(Data!B4/10000000,"0.00")&" कोटी"
```

दोन, छापताना `Fit Sheet on One Page` लावून "बसलं एका पानावर" म्हणू नका. तो सगळं आकसतो, अक्षर मुंगीएवढं होतं. मजकूर कमी केला तरच खरं एक पान होतं.

---

अंबडची_अनघा

@एकनाथ, मुंगीवालं मी केलं होतं. 🙈

ऑर्डरी तपासल्या. ४१ पैकी ३६ लाखांच्या लेखी आहेत. ५ लाख एका मॅनेजरने फोनवरच्या बोलण्यावरून घातले होते. ते काढले. मागच्या वर्षीचे १२ सगळे लेखी. म्हणजे जास्तीचे २९ नाही, २४.

आता पान असं झालंय:

जुलै-सप्टेंबर २०२५. विक्री करविरहित, परत आलेला माल वजा करून. तुलना जुलै-सप्टेंबर २०२४ शी.

तिमाही विक्री ६.८४ कोटी, ▼ ७६ लाख (१० टक्के). जुलैत पुढे होतो. घट १ ते २१ सप्टेंबरमधली.

विक्री ६.८४ (मागच्या वर्षी ७.६०) | टार्गेटच्या ८६ टक्के | येणी ५.८४, तिमाहीत ▲ ६४ लाख | लेखी पेंडिंग ऑर्डर ३६ लाख (मागच्या वर्षी १२)

[महिन्यांचे तीन जोड-खांब]

१. १ ते २१ सप्टेंबरमध्ये विक्री १.५५ कोटींवरून ६२ लाखांवर आली. २२ पासून मागच्या वर्षीइतकीच. जीएसटी बदलाची वाट आणि पाऊस दोन्ही याच काळात होते. वेगळे काढता आलेले नाहीत.
२. घटीपैकी २४ लाख जास्तीच्या लेखी ऑर्डरींत दिसतात. उरलेले ५२ लाख परत येतील असे आत्ता म्हणता येत नाही.
३. येणी वाढली. मागील सहा तिमाहींत वसुलीची टक्केवारी चुकीच्या पायावर काढली गेली होती. सुधारित तक्ता १५ नोव्हेंबरपर्यंत.

विक्रीप्रमुखांना दाखवलं. म्हणाले, "दुसऱ्या मुद्द्यातला शेवट काढ." मी नाही काढला. तरी बोलायला लागलेत.

---

सिडको_सेल्सवाला

"वेगळे काढता आलेले नाहीत" असं कोणी मीटिंगमध्ये लिहितं का? माझ्याकडे असतं तर मी पाठवून दिलं असतं परत.

---

निवृत्त_हिशोबनीस

मला पान आवडलं. एकच बदल: तिसऱ्या मुद्द्यात तारीख आहे तशी दुसऱ्याला पण द्या. "३१ ऑक्टोबरला यातली किती बिलं झाली ते कळवू." मग अंदाज करायची गरजच नाही.

---

टेक_तात्या

पॉवर बीआयमध्ये हे सगळं क्लिकवर... जाऊ दे.

---

अंबडची_अनघा

मीटिंग झाली. शेठनी पान हातात घेतलं, पेनाने ६२ लाखांना गोल केला आणि तिसऱ्या मुद्द्यावर बराच वेळ थांबले. ओरडले नाहीत. मग म्हणाले, "हे ५२ लाख कोणत्या डीलरांचे? बावीसनंतर कोण परत आलं नाही, नावं सांगा."

माझ्या पानावर नावं नव्हती. विक्रीप्रमुखांनी शांतपणे अकरा पानांची फाइल काढली, सातवं पान उघडलं. तिथे दिंडोरीच्या मॅनेजरने डीलरवार लिहून ठेवलं होतं, त्याच "निरुत्साहाच्या" परिच्छेदाखाली. आता पुढच्या वेळी पानामागे डीलरांची एक यादी जोडायची ठरलंय. अकरा पानं बंद होणार की नाही ते अजून ठरलेलं नाही.

---

निफाडचा_दुकानदार

यादीत मी होतो का?

---

अंबडची_अनघा

@निफाडचा_दुकानदार, अण्णा, तुम्ही आमच्याच कंपनीचा माल घेता का?? 😳

---

निफाडचा_दुकानदार

ते दोन बंडल कोणाचे वाटले तुम्हाला?